एलएम३९३चं आउटपुट वर का जात नाही? अंधारात आपोआप लागणारा दिवा आणि एक विसरलेला रेझिस्टर

जुलैत मुंबईत ढग भरून आले की दुपारी चारलाच इमारतीच्या जिन्यात काळोख होतो. सोसायटीने दिव्याला टायमर लावलेला असतो, पण टायमरला ढग दिसत नाहीत. शिवाय इथे डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर, त्यामुळे वर्षातून दोन-चारदा कुणीतरी स्टुलावर चढून टायमर बदलावा लागतो. यावरचा सरळ उपाय म्हणजे घड्याळाऐवजी उजेडच बघणारा स्विच. डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगची मुलं तो मिनी प्रोजेक्ट म्हणून करतात, आणि सामान आणायला लॅमिंग्टन रोड आहेच. उजेडानुसार रोध बदलणारा एक एलडीआर, एलएम३९३ हा आठ पायांचा आयसी, एक ट्रान्झिस्टर, दिवा चालू-बंद करणारा एक रिले आणि चार-पाच रेझिस्टर एवढ्यात काम होतं.

तरीही हे सर्किट एका ठरावीक जागी अडतं. एलडीआर बरोबर चालतो, हाताने झाकला की व्होल्टेज बदलतं, पण रिले ‘टक’ करत नाही. आयसीच्या आउटपुटला मीटर लावला तर उजेडात शून्य दिसतं आणि अंधारातही जवळपास शून्यच. आयसी जळला असं समजून दुसरा आणला जातो आणि तोही तसाच वागतो. दोन्ही आयसी चांगले असतात. सर्किटमध्ये फक्त एक रेझिस्टर लावायचा राहिलेला असतो, आणि तो का लागतो हे समजलं की या आयसीचा सगळा स्वभाव समजतो.

## कंपॅरेटर काय बघतो

कंपॅरेटर म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारा आयसी. त्याला दोन इनपुट असतात, एक अधिक आणि एक उणे. अधिकवरचं व्होल्टेज उणेपेक्षा जास्त असेल तर आउटपुट वर, कमी असेल तर आउटपुट खाली. फरक किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, काही मिलिव्होल्टचा फरकही पुरतो. एलएम३९३मध्ये असे दोन कंपॅरेटर एकाच पॅकेटात असतात. पहिल्याचं आउटपुट १ नंबरच्या पायावर, उणे इनपुट २वर, अधिक इनपुट ३वर. ४ नंबर ग्राउंड आणि ८ नंबर सप्लाय.

आपल्याला अंधारात दिवा लावायचा आहे, म्हणजे अंधारात आउटपुट वर हवं. त्यासाठी उजेडाचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करावं लागतं आणि ते काम एलडीआर करतो. उजेड पडला की त्याचा रोध घटतो, अंधार झाला की वाढतो. बाजारात सर्रास मिळणारा ५ मिलिमीटरचा एलडीआर १० लक्स उजेडात, म्हणजे साधारण संध्याकाळच्या अंधुक जिन्यात, ८ ते २० किलोओमच्या दरम्यान असतो. पूर्ण काळोखात काही सेकंद राहिला की १ मेगओमच्या वर जातो. एकाच पाकिटातले दोन एलडीआरसुद्धा सारखे निघत नाहीत, म्हणून पुढे एक प्रीसेट, म्हणजे फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर, ठेवणं भाग आहे.

एलडीआरचं एक टोक १२ व्होल्टला जोडा आणि दुसऱ्या टोकापासून ग्राउंडपर्यंत ४७ केचा, म्हणजे ४७ किलोओमचा प्रीसेट. प्रीसेट चुकून पूर्ण शून्यावर जाऊ नये म्हणून त्याच्याबरोबर मालिकेत १ केचा रेझिस्टर टाका. एलडीआर आणि प्रीसेट जिथे भेटतात ती जागा कंपॅरेटरच्या उणे इनपुटला न्या. समजा प्रीसेटची शाखा १५ केवर ठेवली आहे. दिवसा एलडीआर ३ केच्या आसपास असेल तर या जोडावर १० व्होल्ट येतात. गडद अंधारात एलडीआर १ मेगओम झाला की जेमतेम ०.२ व्होल्ट उरतात. अधिक इनपुटवर दोन १० केच्या रेझिस्टरांनी १२चे अर्धे, म्हणजे ६ व्होल्ट कायम ठेवा. दिवसा १० विरुद्ध ६, उणे बाजू जड, आउटपुट खाली. रात्री ०.२ विरुद्ध ६, अधिक बाजू जड, आउटपुट वर.

निदान कागदावर तरी वर.

## आउटपुटच्या आत काय आहे

एलएम३९३च्या आउटपुट पायामागे एकच एनपीएन ट्रान्झिस्टर आहे. त्याचा एमिटर आतल्या आत ग्राउंडला जोडलेला आहे आणि कलेक्टर थेट बाहेरच्या पायावर सोडलेला आहे. कलेक्टरला आत दुसरं काहीही जोडलेलं नाही, म्हणून या रचनेला ओपन कलेक्टर म्हणतात. कंपॅरेटरने ‘खाली’ म्हटलं की हा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि पाय ग्राउंडकडे ओढतो. कंपॅरेटरने ‘वर’ म्हटलं की तो फक्त बंद होतो. सप्लायचं व्होल्टेज बाहेर ढकलणारा भागच आत नाही.

लोकल ट्रेनमधली धोक्याची साखळी आठवा. डब्यातला कुणीही ती ओढून गाडी थांबवू शकतो, पण साखळी सोडून देऊन कुणी गाडी चालवू शकत नाही. गाडी पुढे न्यायला मोटरचा जोर वेगळा लागतो. एलएम३९३चं आउटपुट ही साखळी आहे आणि तो जोर बाहेरून आपण द्यायचा आहे.

तो जोर देणारा रेझिस्टर म्हणजे पुल-अप. त्याचं एक टोक सप्लायला, दुसरं आउटपुट पायाला. आतला ट्रान्झिस्टर बंद असेल तेव्हा पुल-अपमधून आलेला करंट पुढच्या भागाला मिळतो आणि पाय वर चढतो. ट्रान्झिस्टर चालू झाला की तोच करंट तो गिळून ग्राउंडला सोडतो आणि पाय खाली येतो. म्हणजे आपण ज्याला आउटपुटचं ‘वर’ म्हणतो ते खरं तर पुल-अपचं काम आहे. आयसी फक्त आडवा येतो किंवा बाजूला होतो.

सुरुवातीला सांगितलेली तक्रार इथे उलगडते. पुल-अप नाही, आउटपुट थेट रिले चालवणाऱ्या बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडलंय. उजेडात आतला ट्रान्झिस्टर बेसला ग्राउंडकडे ओढतो, बीसी५४७ बंद. अंधारात आतला ट्रान्झिस्टर बाजूला होतो, पण बेसला करंट देणारं कुणीच नाही, त्यामुळे बीसी५४७ पुन्हा बंद. दोन्ही वेळा रिले गप्प.

## पुल-अप किती केचा?

हा आकडा अंदाजाने टाकायचा नाही. तो दोन बाजूंनी बांधलेला असतो: वर असताना पुढच्या ट्रान्झिस्टरला पुरेसा करंट मिळाला पाहिजे आणि खाली असताना आयसीला झेपेल एवढाच करंट आला पाहिजे.

आधी पुढची बाजू बघू. शुगर क्यूब म्हणून मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण ४०० ओमची असते, म्हणजे ती १२ ÷ ४०० = ३० मिलिॲम्पिअर घेते. बीसी५४७ १०० मिलिॲम्पिअरपर्यंत चालतो, त्यामुळे इथे तो पुरतो. आता आउटपुटपासून १२ व्होल्टला ४.७ केचा पुल-अप आणि आउटपुटपासून बीसी५४७च्या बेसला आणखी एक ४.७ केचा रेझिस्टर लावू. बेस-एमिटरमध्ये ०.७ व्होल्ट जातात. उरलेले ११.३ व्होल्ट ९.४ केमधून जातात, म्हणजे बेसला १.२ मिलिॲम्पिअर मिळतो. ३० मिलिॲम्पिअर चालवायला ट्रान्झिस्टरकडून २५ पट वाढ मागतोय आणि बीसी५४७बी किमान २०० पट देतो. भरपूर जागा राहते, ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो आणि गरम होत नाही.

आता आयसीची बाजू. आउटपुट खाली असताना पुल-अपवर जवळपास पूर्ण १२ व्होल्ट येतात. १२ ÷ ४.७ के म्हणजे साधारण २.५ मिलिॲम्पिअर, आणि हा सगळा आयसीच्या ट्रान्झिस्टरला गिळायचा आहे. डेटाशीट ४ मिलिॲम्पिअरला आउटपुट ०.४ व्होल्टच्या वर जाणार नाही अशी खात्री देते, खोलीच्या तापमानाला. आपण त्याच्याही खाली आहोत. प्रत्यक्षात पायावर ०.२ व्होल्टच्या आसपास दिसतात. बीसी५४७ उघडायला ०.६ तरी लागतात, म्हणून तो स्वच्छ बंद राहतो.

हाच आकडा बिघडवून बघा. कुणी ‘जोर जास्त हवा’ म्हणून ४७० ओमचा पुल-अप लावला तर आयसीला २५ मिलिॲम्पिअर गिळावे लागतील. डेटाशीटची हमी फक्त ६ची आहे, सहसा मिळतात १६. आयसी पाय पूर्ण खाली ओढू शकत नाही, पाय मध्येच काही व्होल्टवर लटकतो आणि दिवसाढवळ्या रिले चिकटलेला राहतो. उलट दिशेने १०० केचा पुल-अप लावला तर बेसला जेमतेम ०.१ मिलिॲम्पिअर मिळतो. त्यावर ट्रान्झिस्टरने २०० पट वाढ दिली तर रिलेला २१-२२ मिलिॲम्पिअर, ४०० पट दिली तर पूर्ण करंट. म्हणजे एक तुकडा चालेल, दुसरा चालणार नाही, आणि जो अर्धवट उघडेल तो गरम होत बसेल. ‘माझं सर्किट मित्राकडे चालतं, माझ्याकडे नाही’ अशा प्रकारात मला आधी हाच रेझिस्टर बघावासा वाटतो.

रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायला विसरू नका, पट्टीची बाजू १२ व्होल्टकडे. रिले सुटताना कॉइलमधून उसळणारं व्होल्टेज नाहीतर बीसी५४७ला मारतं.

## बेसचा रेझिस्टर काढून टाकला तर?

अनेक जण म्हणतात, पुल-अपच करंटला आवर घालतोय, मग बेसला वेगळा रेझिस्टर कशाला? आउटपुट थेट बेसला जोडू. रिलेपुरतं बोलायचं तर हे बरोबर आहे. एकट्या ४.७ केमधून बेसला २.४ मिलिॲम्पिअर मिळतील आणि रिले मजेत लागेल. पण तेव्हा आउटपुटचं ‘वर’ म्हणजे फक्त ०.७ व्होल्ट, कारण बेस त्याला त्याच्यावर चढूच देत नाही. मीटर लावणाऱ्याला वाटतं आउटपुट वर गेलंच नाही. हा गैरसमज झाला तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या गोष्टीत, आणि ती संध्याकाळी कळते.

संध्याकाळी उजेड हळूहळू उतरतो. उणे इनपुटचं व्होल्टेज ६च्या जवळ रेंगाळतं, ढग सरकतो, कुणी खिडकीतून जातं, आणि रिले टकटक टकटक करत सुटतो. रिलेचे संपर्क असे जळतात. उपाय असा की दिवा लागण्याची पातळी आणि विझण्याची पातळी वेगळी ठेवायची. या अंतराला हिस्टेरिसिस म्हणतात. त्यासाठी आउटपुटपासून अधिक इनपुटला ४७ केचा रेझिस्टर जोडतात. आउटपुट वर गेलं की तो ६ व्होल्टची संदर्भ पातळी थोडी वर ठेवतो, खाली आलं की खाली ओढतो.

आपल्या सर्किटचे आकडे काढून बघू. दिवसा आउटपुट ०.२वर आहे, तेव्हा संदर्भ ५.४४ व्होल्टवर उतरलेला असतो. उणे इनपुट त्याखाली गेलं की दिवा लागतो. १५ केच्या शाखेसाठी हे एलडीआर १८ केला पोचल्यावर होतं. दिवा लागला की आउटपुट वर जातं. किती वर? ११.३ व्होल्ट दोन सारख्या ४.७ केमध्ये निम्मे वाटले जातात, म्हणून ०.७ अधिक ५.६५, म्हणजे ६.३५ व्होल्ट. १२ नव्हे, हे लक्षात ठेवा. त्यामुळे संदर्भ ६.०३वर चढतो. आता दिवा विझायला एलडीआर १४.८ केपर्यंत उतरावा लागतो. १८ आणि १४.८ यांच्यातलं अंतर उजेडाच्या भाषेत साधारण एक तृतीयांश भरतं: ज्या उजेडात दिवा लागला त्यापेक्षा तेवढा जास्त उजेड आल्याशिवाय तो विझत नाही. ढगाच्या चुळबुळीला हे पुरतं.

बेसचा रेझिस्टर काढला तर आउटपुट ०.२ आणि ०.७ यांच्यातच हलतं. संदर्भ ५.४४वरून फक्त ५.४९वर जातो. एलडीआरच्या भाषेत १८.१ के आणि १७.८ के. अंतर जवळपास नाहीसं झालं आणि टकटक परत आली, जरी हिस्टेरिसिसचा रेझिस्टर जागेवर दिसतोय. पाच पैशांच्या रेझिस्टरवर संध्याकाळची शांतता अवलंबून आहे, म्हणून तो ठेवावाच.

## ‘एलएम३५८ला तर पुल-अप लागत नाही’

हा आक्षेप खरा आहे, आणि बऱ्याच घोळाचं मूळही. एलएम३५८ हा ऑप-अँप आहे. त्याचं आउटपुट वर ढकलतं आणि खालीही ओढतं. गंमत अशी की एलएम३५८ आणि एलएम३९३ यांच्या आठही पायांची मांडणी तंतोतंत सारखी आहे. एकाच्या सॉकेटमध्ये दुसरा बसतो, सप्लाय बरोबर, इनपुट बरोबर, धूर नाही. फक्त ३५८साठी काढलेल्या सर्किटमध्ये पुल-अप नसतो, आणि तिथे ३९३ बसवला की वर सांगितलेला मुका रिले तयार. दुकानात ‘३५८ नाही, ३९३ घेऊन जा, सेमच आहे’ असं कुणी म्हणालं तर सोबत एक ४.७ के मागून घ्या.

मग ३५८च का वापरू नये? जिन्याच्या दिव्यासारख्या संथ कामाला तो चालतो, यात वाद नाही. जुन्या सर्किटांतला ७४१ मात्र एकट्या १२ व्होल्टवर नको. त्याचं आउटपुट खाली जातं तेव्हाही दीड-दोन व्होल्ट शिल्लक राहतात आणि बीसी५४७ बंदच होत नाही. ३९३ची खरी ताकद ही की त्याचं ‘वर’ किती व्होल्टचं असावं हे आपण ठरवतो. आयसीला १२ व्होल्टवर चालवा आणि पुल-अप ५ व्होल्टला जोडा, आउटपुट ५वर थांबेल. ३.३ला जोडा, ३.३वर थांबेल. मायक्रोकंट्रोलरला जोडताना हे फार उपयोगी पडतं.

## तयार मॉड्यूल घेतलं तर?

एलडीआर, निळा प्रीसेट आणि एलएम३९३ असलेली छोटी पट्टी तयार मिळते. तिच्यावर बहुधा १० केचा पुल-अप आधीच असतो, म्हणून वेगळा लावावा लागत नाही. पण तो पट्टीच्याच सप्लायला जोडलेला असतो. पट्टीला ५ व्होल्ट दिले आणि तिचं आउटपुट ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या पायाला जोडलं तर अंधारात त्या पायावर ५ व्होल्ट चढायला बघतात, आणि ईएसपी३२चे पाय ३.३ व्होल्टसाठीच आहेत. पट्टीला ३.३ व्होल्टच द्या, म्हणजे पुल-अपही तिथेच थांबेल.

या पट्ट्यांवरचा आउटपुटचा एलईडीही गोंधळात टाकतो. तो सहसा सप्लाय आणि आउटपुट यांच्यामध्ये जोडलेला असतो, म्हणजे आउटपुट खाली असताना पेटतो. ‘एलईडी लागला म्हणजे आउटपुट वर’ असं समजून प्रोग्राम लिहिला तर दिवा दिवसा लागेल. अशा जोडणीतला एलईडी पुल-अप नसतानाही पेटतो-विझतो, कारण त्याला फक्त खाली ओढणारा ट्रान्झिस्टर लागतो. एलईडी छान चालतोय पण रिले चालत नाही, असं दिसलं तर शंका पुल-अपवरच घ्या.

## मीटरने दोष कसा शोधायचा

काळी पिन ग्राउंडला ठेवा आणि आधी २ व ३ नंबरचे पाय मोजा. एलडीआर झाकल्यावर २वरचं व्होल्टेज ३च्या खाली गेलं पाहिजे. ते होत नसेल तर दोष पुल-अपमध्ये नाही, एलडीआर किंवा प्रीसेटच्या बाजूला आहे.

ते होत असेल तर १ नंबरचा पाय मोजा. आपल्या सर्किटमध्ये उजेडात ०.२च्या आसपास आणि अंधारात ६.३च्या आसपास आलं पाहिजे. पुल-अप सुटला असेल तर अंधारात १.१ व्होल्टच्या आसपास दिसेल. हा विचित्र आकडा येतो कारण हिस्टेरिसिसच्या ४७ केमधून थोडासा करंट झिरपून बेसपर्यंत पोचतो. रिले तेवढ्यावर कधी लागत नाही, कधी लागतोही, आणि म्हणून माणूस भलतीकडे शोधत बसतो. खात्री करायची तर एक ४.७ के हातात धरून ८ आणि १ नंबरच्या पायांना टेकवा. आकडा लगेच ६च्या वर चढला आणि रिले लागला की दोष सापडला. उजेडात पाय दोन-चार व्होल्टवर लटकलेला दिसला तर पुल-अप फार लहान आहे, किंवा रेझिस्टरचे रंग वाचताना घोळ झालाय: ४.७ केचा तिसरा पट्टा लाल, ४७० ओमचा तपकिरी, आणि पिवळ्या बल्बच्या उजेडात ते दोन्ही सारखेच दिसतात.

## दिवा स्वतःलाच बघतो तेव्हा

सगळे आकडे बरोबर असूनही दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो असं होत असेल तर एलडीआरला आपल्याच दिव्याचा उजेड दिसतोय. दिवा लागला, एलडीआरला वाटलं सकाळ झाली, त्याने विझवला, पुन्हा रात्र. दिव्याचा उजेड एक तृतीयांशाने नाही, कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून हिस्टेरिसिस इथे हरतो. एलडीआर जिन्याच्या खिडकीकडे तोंड करून बसवा आणि त्यावर काळ्या नळीचा इंचभर तुकडा चढवा, म्हणजे तो फक्त आकाश बघेल.

आकाशाकडे बघायला लावलं की पावसाळ्यात वीज चमकते आणि दिवा क्षणभर विझतो. यावर कपॅसिटर लावतात, पण बरेच जण तो थेट प्रीसेटच्या समांतर लावतात आणि उपयोग होत नाही. वीज चमकताना एलडीआर काहीशे ओमवर उतरतो आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरसुद्धा तेवढ्या छोट्या रोधातून निमिषात भरतो. योग्य जागा वेगळी आहे. एलडीआरच्या जोडापासून २ नंबरच्या पायापर्यंत १०० केचा रेझिस्टर घाला आणि त्या पायापासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड. आता एलडीआर कितीही उतरला तरी भरणं १०० केमधूनच होतं आणि पातळी गाठायला पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात वीज चमकून गेलेली असते. कंपॅरेटरचं इनपुट नॅनोॲम्पिअरच्या घरातलाच करंट घेतं, त्यामुळे १०० केने मोजमाप बिघडत नाही.

हे सगळं १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीवर करून बघा. रिलेच्या संपर्कांवर २३० व्होल्ट आणायचे असतील तर ते काम वायरमनला द्या आणि सगळं बंद डबीत ठेवा.

## दुसरा अर्धा भाग

एलएम३९३मधला दुसरा कंपॅरेटर अजून रिकामा आहे, आणि साखळीचा गुण इथे खरा कामाला येतो. साखळी कुठल्याही डब्यातून ओढली तरी गाडी थांबते. तसंच दोन ओपन कलेक्टर आउटपुट एकाच तारेला, एकाच पुल-अपला जोडता येतात. दोघांपैकी कुणीही खाली ओढलं तर तार खाली, दोघेही बाजूला झाले तरच वर. ३५८ची दोन आउटपुट अशी जोडली तर एक वर ढकलत आणि दुसरं खाली ओढत एकमेकांशी झुंजतील.

जिन्यात माणूस असेल तेव्हाच दिवा हवा असेल तर एचसी-एसआर५०१ हा हालचाल ओळखणारा सेन्सर १२ व्होल्टवर चालतो आणि हालचाल दिसली की ३.३ व्होल्ट देतो. त्याचं आउटपुट ५ नंबरच्या अधिक इनपुटला द्या. ६ नंबरच्या उणे इनपुटवर १० के आणि १.५ केच्या विभागणीने दीड व्होल्टच्या जरा वर संदर्भ ठेवा. मग ७ नंबरचा पाय थेट १ नंबरला जोडा. नवा पुल-अप नको, नवा ट्रान्झिस्टर नको. जिना रिकामा असेल तर दुसरा कंपॅरेटर तार खाली धरून ठेवतो, उजेड असेल तर पहिला. खाली ओढणारा एक असो वा दोघं, गिळायचे आहेत ते एकूण २.५ मिलिॲम्पिअरच. दुसरा भाग वापरायचा नसेल तर ५ आणि ६ हे दोन्ही पाय ग्राउंडला जोडा आणि ७ मोकळा सोडा.